सेल्फ किती वेळा मारला?

पावसाळा आला की कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक, पौड रोडवर कुठे किती पाणी आहे. दुसरा, 'गाडी पाण्यात बंद पडली, क्लेम मिळतो का?' दुसऱ्या प्रश्नाला दरवेळी कुणीतरी 'फुल्ल इन्शुरन्स असेल तर मिळतो की' असं ठोकून देतं. मीसुद्धा एकेकाळी असंच सांगायचो. ते उत्तर मला एक लाख बारा हजार शंभर रुपयांना पडलं, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

१७ ऑक्टोबर २०२२, सोमवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. त्या रात्री पुण्यात कसा पाऊस कोसळला ते बहुतेकांना आठवत असेल, रस्त्यांचे अक्षरशः ओढे झाले होते. आम्ही दोघं लक्ष्मी रोडची खरेदी उरकून कर्वे रोडने घरी निघालो होतो. नळस्टॉपपर्यंत ठीक होतं. पौड फाट्याहून पुढे आलो आणि समोरून पाणीच अंगावर येताना दिसलं. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी: पौड रोड चांदणी चौकाकडून फाट्याकडे उतरत येतो आणि एका अंगाला वेताळ टेकडी आहे. टेकडीवरचं, गल्ल्यांमधलं, सोसायट्यांच्या पत्र्यांवरचं सगळं पाणी याच रस्त्यावर येतं. (त्याच टेकडीवर देशभरातल्या गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. हा योगायोग मला नंतर बरेच दिवस टोचत होता.)

आनंदनगर मेट्रो स्टेशनच्या थोडं अलीकडे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं होतं. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चाललो होतो. बाकीच्या गाड्याही जात होत्या. तेवढ्यात शेजारून एक बस वेगात गेली. तिच्या चाकांनी उडवलेली लाट थेट बॉनेटवर आली आणि गाडी एक धक्का खाऊन बंद पडली.

मग मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. सेल्फ मारला. 'कट्' असा आवाज आला आणि काहीच झालं नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा इंजिन अर्धवट फिरलं, खडखडलं आणि पुन्हा थांबलं. मागून हॉर्न सुरू होते. दोन मुलांनी ढकलून गाडी कडेला लावली. 'काका, पाणी गेलंय आत, आता हात लावू नका' असं त्यातला एकजण म्हणाला. फार उशिरा भेटला तो.

आता इंजिनात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण क्लेमचं सगळं भांडण त्यावरच आहे.

इंजिन हवा आत ओढतं, पिस्टन वर येऊन ती दाबतो आणि दाबलेल्या हवेत इंधन पेटतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझी गाडी १.२ लिटरची पेट्रोल, चार सिलिंडरची. म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण ३०० मिलिलीटर जागा पिस्टन खाली-वर करून व्यापतो. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर उरते ती जागा फक्त तीसेक मिलिलीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे. दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी त्या सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही. बाकीचे सिलिंडर आणि फ्लायव्हील मात्र त्याला ढकलतच असतात. मग पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल गाडीत हवा जास्त दाबतात, त्यामुळे वरची जागा आणखी कमी, जेमतेम एका मोठ्या चमच्याहून थोडी जास्त. एवढ्याशा पाण्यावर इंजिनाचा निकाल लागतो. याला गॅरेजवाले 'हायड्रो लॉक' म्हणतात, विमा कंपनीच्या पत्रात 'हायड्रोस्टॅटिक लॉक' असं येतं.

पाणी आत जातं कुठून? सायलेन्सरमधून, असं आपल्याला वाटतं. इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून हवा बाहेर येत असते, तिथून सहसा पाणी शिरत नाही. पाणी जातं हवा ओढणाऱ्या नळीतून. अनेक छोट्या गाड्यांत तिचं तोंड पुढच्या जाळीच्या मागे, साधारण हेडलाइटच्या उंचीवर असतं. रस्त्यावरचं पाणी तिथवर येत नाही, म्हणून आपण निर्धास्त जातो. पण समोरून-शेजारून येणारी लाट तिथवर येते. बसची लाट तर आरामात येते.

दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी गॅरेजला नेली. आमचा मेकॅनिक जुना माणूस. त्याने आधी एअर फिल्टर काढून दाखवला, पिळला तर पाणी निघेल एवढा ओला. मग ऑइलची डिपस्टिक ओढली. तिच्यावर चहासारखं दुधाळ ऑइल, म्हणजे पाणी खालपर्यंत उतरलेलं. मग चारही स्पार्क प्लग काढले, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, तर प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चुळा उडाल्या. शेवटी प्लगच्या भोकातून एक सळई आत सोडून पिस्टन पूर्ण वर आल्यावर ती कुठवर येते ते त्याने प्रत्येक सिलिंडरला बघितलं. दोन सिलिंडरला सळई एकाच खुणेवर आली. तिसऱ्याला स्पष्ट खाली राहिली, दुसऱ्याला किंचित खाली. वाकलेला रॉड आखूड होतो, त्यामुळे पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. इंजिन न खोलता कळण्यासारखी ही खूण आहे. 'दोन रॉड गेलेत साहेब,' तो म्हणाला, 'एक बहुतेक चालू गाडीत गेला, दुसरा सेल्फने.'

त्याचं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एस्टिमेट आलं १,१८,४०० रुपयांचं. दोन रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केटचा सेट, ऑइल, आतली सफाई, मजुरी आणि जीएसटी. मी निवांत होतो. माझ्याकडे पॅकेज पॉलिसी होती, वर झीरो डेप घेतलेलं. 'बंपर टू बंपर' म्हणतात ते. बंपर टू बंपर म्हणजे मधलं इंजिनही आलंच की, असा माझा सरळ हिशोब.

विमा कंपनीने सर्व्हेअर पाठवला. इंजिन खोलायच्या आधी तो येऊन बघून गेला, ते बरं झालं, कारण आधीच खोललं असतं तर तेवढ्यावरूनच वाद झाला असता. शांत, सज्जन माणूस. फाइल उघडून त्याने पहिला प्रश्न विचारला, 'सेल्फ किती वेळा मारला?'

मेकॅनिकने मला आदल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा प्रश्न येणार, आणि 'एकदाही नाही' असं सांगा. मी तीनदा सांगितलं. त्यात काही फार मोठा प्रामाणिकपणा नव्हता, खोटं बोलायचं ते आयत्या वेळी सुचलं नाही इतकंच. पुढे कळलं की खोटं बोललो असतो तरी उत्तर तेच आलं असतं.

३ नोव्हेंबरला पत्र आलं. सफाई, ऑइल आणि फिल्टर यांचे ७,३०० मंजूर. त्यातून सक्तीची वजावट १,००० (पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एवढी असतेच). हातात ६,३००. इंजिनाचे आतले भाग नामंजूर. कारणं दोन: हे 'परिणामजन्य नुकसान' आहे आणि 'यांत्रिक बिघाड' आहे, दोन्ही पॉलिसीत वगळलेलं. शिवाय 'तुमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट कव्हर नाही.' एक लाख अठरा हजार चारशेतून सहा हजार तीनशे गेले, उरले ते माझे.

मग मी पहिल्यांदा पॉलिसी वाचली. पाच वर्षं पैसे भरत होतो, वाचली तेव्हा.

मला जे समजलं ते असं. आपल्याकडच्या खासगी गाड्यांच्या पॉलिसीचं मूळ शब्दांकन २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधलं. २००७ मध्ये विम्याचे दर खुले झाले, कंपन्या आपापले दर ठरवू लागल्या, पण मूळ पॉलिसीची भाषा तीच राहिली. म्हणून कोणत्याही कंपनीची घ्या, पहिली काही पानं जवळपास सारखी दिसतील. त्यात कशाकशाने झालेलं नुकसान भरून मिळेल याची यादी आहे: आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड, बाहेरून झालेला अपघात वगैरे. पूर त्यात स्पष्ट आहे. म्हणजे 'पुराचं कव्हर आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असंच येतं, एजंट खोटं बोलत नाही. पण त्याच कलमाच्या खाली कशाचे पैसे मिळणार नाहीत याची ओळ आहे: परिणामजन्य नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, मोडतोड. इंजिन अडकतं ते या दोन ओळींच्या मधल्या फटीत.

कंपनीचं म्हणणं असं असतं. पुराने काय केलं? गाडी ओली केली. कार्पेट, सीट, वायरिंग, इंजिनातलं ऑइल खराब झालं, ते आम्ही भरतो. पण नुसत्या साचलेल्या पाण्याने पोलादी रॉड वाकत नाही. तो वाकला इंजिन फिरलं म्हणून. इंजिन तुम्ही फिरवलंत, म्हणजे पाण्यात चालवलंत किंवा सेल्फ मारलात. हे पुराचं थेट नुकसान नाही, त्यानंतरच्या तुमच्या कृतीचा परिणाम आहे.

आणखी एक अट आहे जी कुणी सांगत नाही. अपघात किंवा बिघाड झाल्यावर दुरुस्तीच्या आधीच गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. सर्व्हेअरचा 'किती वेळा' हा प्रश्न इथून येतो. बंद पडणं हा पहिला बिघाड, त्यानंतरचा प्रत्येक सेल्फ म्हणजे नुकसान वाढवणं.

तर्क म्हणून बघितलं तर यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पाण्यात गाडी घालणं हा बऱ्याचदा चालकाचा निर्णय असतो. दिसणाऱ्या पाण्यात जाऊन इंजिन घालवणाऱ्यांचा खर्च सगळ्यांच्या प्रीमियममधून का जावा, हा प्रश्न रास्त आहे. पण 'परिणामजन्य नुकसान' हा शब्द इथे ताणलाय असं माझं मत आहे. विम्याच्या भाषेत परिणामजन्य नुकसान म्हणजे साधारणपणे गाडी बंद राहिल्यामुळे बुडालेलं भाडं, टॅक्सीचा खर्च, असं गाडीच्या बाहेरचं नुकसान. वाकलेला रॉड हा गाडीचाच भाग आहे. आणि चालू गाडीवर शेजारच्या बसची लाट येऊन पहिला रॉड गेला असेल, तर ते 'बाहेरून झालेला अपघात' या शब्दांत का बसू नये? मेकॅनिकचं ते वाक्य इथे लागतं. दोन रॉडपैकी एक माझ्या सेल्फने गेला असेल, पण एक तर नाही.

हे मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. उत्तर तेच, फक्त सही वेगळी. त्यानंतरची पायरी विमा लोकपाल. त्याचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर. वकील लागत नाही, फी नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो. लोकपाल नको तर ग्राहक आयोग. मी दोन्हीकडे गेलो नाही. आईचं आजारपण, मग 'जाऊ दे'. वर्ष उलटलं. निदान पहिल्या रॉडपुरतं भांडायला हवं होतं असं आज वाटतं. निकाल माझ्या बाजूने लागलाच असता असं नाही, पण माझा मुद्दा कुणीतरी लेखी खोडून काढला असता तर मला जास्त समाधान वाटलं असतं.

आता दुसरी गाडी. माझा एक मित्र सिंहगड रोडला एकतानगरीत राहतो. २५ जुलै २०२४ ला तिथे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. रात्रभराचा पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, पहाटे पार्किंगमध्ये नदी शिरली. त्याची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. माझा किस्सा त्याला पाठ असल्यामुळे त्याने एक गोष्ट केली नाही: पाणी ओसरल्यावर गाडीला चावी लावली नाही. आतल्या चिखलाचे, काचेवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि गाडी चाकांवर न ओढता सपाट ट्रकवर चढवून नेली. त्याच्याकडेही इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. पण त्याचं इंजिन पाण्यात फिरलंच नव्हतं, त्यामुळे कुठला रॉड वाकलेला नव्हता. वायरिंग, सीट, एअरबॅगचं युनिट, इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळं पुराचं थेट नुकसान. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला. असं झालं की गाडी 'टोटल लॉस' धरतात, आणि वजावट जाऊन आयडीव्ही मिळते. त्याला मिळाली.

एकाच शहरातल्या दोन गाड्या. माझी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात, त्याची डॅशबोर्डपर्यंत. मला सहा हजार, त्याला गाडीची किंमत. फरक पाण्याच्या उंचीचा नव्हता, इंजिन फिरलं की नाही याचा होता.

आणि म्हणूनच मला सगळ्यात वाईट वाटतं ते तिसऱ्या प्रकारच्या लोकांचं. बेसमेंटमध्ये उभी गाडी रात्री बुडते, सकाळी पाणी उपसल्यावर मालक 'चालू होते का बघू' म्हणून सेल्फ मारतो. त्याने पाण्यात गाडी घातलेली नसते, काही धाडस केलेलं नसतं. मित्रासारखा पूर्ण क्लेम त्याच्या हातात असतो आणि तो एका सेकंदात माझ्या रांगेत येऊन उभा राहतो. कधीकधी गाडी चालूही होते, थोडी ठकठक करत. रॉड किंचित वाकलेला असतो, आणि काही महिन्यांनी तो मोडून इंजिनाच्या कवचाला भोक पाडतो. तेव्हा पावसाचा आणि त्याचा संबंध जोडून दाखवणं जवळपास अशक्य.

पाणी गेलेलं इंजिन सेल्फ न मारता गॅरेजला पोचलं, तर काम फार नसतं. प्लग काढायचे (डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग), हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे, मग कॉम्प्रेशन तपासायचं. काही हजारांत होतं. चालू गाडीतच रॉड गेला असेल तर अर्थात याचा उपयोग नाही.

आता त्या कव्हरबद्दल. नावं वेगवेगळी आहेत: इंजिन प्रोटेक्ट, इंजिन सिक्युअर, इंजिन-गिअरबॉक्स प्रोटेक्ट. मूळ पॉलिसीवर वेगळा प्रीमियम भरून घ्यायचं. पाणी शिरून इंजिनाचे आतले भाग गेले, किंवा खालून दगड लागून ऑइल गळालं आणि इंजिन गेलं, तर ते यात येतं. माझ्या गाडीला त्या वर्षी ते साडेअकराशे रुपयांत मिळालं असतं. लाजिरवाणी गोष्ट अशी की माझ्याकडे ते आधी होतं! गाडी शोरूममधून घेतली तेव्हाच्या पॉलिसीत होतं, मला माहीतही नव्हतं. पुढे एका वर्षी मी हुशारी करून ऑनलाइन सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडलं. स्वस्त का आहे ते बघितलं नाही. झीरो डेपवर टिक होती, एवढं बघून पैसे भरले.

झीरो डेपचा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून सावकाश सांगतो. मूळ पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. झीरो डेप घेतलं की ही कापाकापी होत नाही. पण ती होत नाही मंजूर झालेल्या भागांवर. जो भाग मुळात मंजूरच नाही, त्याचा घसारा शून्य असला काय आणि शंभर असला काय. माझा रॉड नामंजूर, त्यामुळे झीरो डेप तिथे गप्प. उलट, इंजिन प्रोटेक्ट आहे पण झीरो डेप नाही, असं असेल तर इंजिनाच्या भागांवर घसारा कापला जाऊ शकतो. दोन्ही वेगवेगळी कामं करतात.

इंजिन प्रोटेक्ट म्हणजे निश्चिंती असंही नाही. त्याच्या स्वतःच्या अटी असतात आणि कंपनीगणिक बदलतात. पाणी ओसरल्यावर ठरावीक तासांत गाडी गॅरेजला पोचली पाहिजे, कळवायला उशीर झाल्याने वाढलेलं नुकसान मिळणार नाही, वर्षातून किती क्लेम, अशा. बऱ्याच कंपन्या ठरावीक वयापर्यंतच्याच गाड्यांना ते देतात, आणि साधारणपणे ते पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणालाच मिळतं. जुलैत पाऊस बघून मध्येच घ्यायला गेलात तर बहुतेक नाही मिळणार. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून झालेल्या नुकसानीबद्दल तुमच्या कव्हरमध्ये काय लिहिलंय, हे एजंटला तोंडी विचारू नका. ते कलम दाखवायला सांगा.

ते आहे की नाही हे बघायला पाच मिनिटं पुरतात. पॉलिसी शेड्यूलमध्ये प्रीमियमचा तक्ता असतो. 'ओन डॅमेज'च्या रकान्यात मूळ प्रीमियमखाली प्रत्येक अ‍ॅड-ऑनचं नाव आणि त्याची रक्कम असते. तिथे इंजिनाच्या नावाची ओळ नसेल तर ते नाही, मग एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही म्हणो.

माझी एक तक्रार मात्र उरतेच, आणि ती सगळ्या व्यवस्थेबद्दल आहे. ज्या देशात दर पावसाळ्यात एकेका शहराचे रस्ते पाण्याखाली जातात, जिथे २६ जुलै २००५ ला मुंबईने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, तिथे 'पूर' हा शब्द पहिल्या पानावर आणि त्यातून वगळलेलं इंजिन मोघम शब्दांत त्याच्याखाली, हे चालतं कसं? 'परिणामजन्य नुकसान' हे वाचून कुणाला कळणार आहे की याचा अर्थ पौड रोडवरच्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन? नूतनीकरणाच्या पैसे भरायच्या पानावर एक ओळ मराठीत टाकायला काय हरकत आहे: 'पाणी शिरून इंजिन खराब झाल्यास या पॉलिसीत भरपाई नाही. हवी असल्यास अमुक रुपये जादा.' ज्याला नको तो नको म्हणेल. टेकडीवर चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्या माणसाला कदाचित खरंच नको असेल. पण नको म्हणायलाही आधी प्रश्न विचारला गेला पाहिजे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, एवढं एक सक्तीचं केलं तरी पुष्कळ.

गाडी तीच आहे अजून. नवं इंजिन घातल्यासारखी चालते, मेकॅनिकची कृपा. आता इंजिन प्रोटेक्ट आहे, कलमासकट वाचून घेतलंय.

परवा रात्री पुन्हा तसाच पाऊस लागला. पौड फाट्याच्या पुढे पाणी दिसलं तशी मी गाडी वळवली, एका गल्लीत चढावर लावली आणि दोघं भिजत चालत घरी गेलो. सकाळी आणायला गेलो तर चाकाला जॅमर. दंड भरला. पावतीवरचा आकडा बघून बायको म्हणाली, 'ठीक आहे, रॉडपेक्षा स्वस्त.'